कंदुरीतला करपलेला कांदा

कांदा पाच मिनिटांत लाल होतो असं जो कुणी सांगतो, तो एक तर खोटं बोलतो किंवा त्यानं जन्मात कधी चुलीपुढं उभं राहून कांदा परतलेला नसतो. मोबाइलवर बघा. कुठलीही बाई, कुठलाही बुवा, कढईत तेल टाकतो, कांदा टाकतो, हसून म्हणतो, ‘पाच मिनिटं छान गुलाबी होऊ द्या,’ आणि पुढच्या क्षणाला कढईत तपकिरी कांदा हजर. मधला वेळ कापून टाकलेला असतो. तो वेळ कुणाचा जातो, ते कुणी दाखवत नाही.

माझा गेलाय, म्हणून मला राग येतो. घरच्या चार माणसांच्या रश्शाला चार मध्यम कांदे घ्या, एकसारखे पातळ उभे चिरा. जाड-बारीक चिरले तर बारीक जळतात आणि जाड कच्चे राहतात. तेल हात आखडून घालू नका. सुरुवातीला गॅस मोठाच ठेवायचा, कारण आधी कांद्यातलं पाणी पळवायचं असतं. चिमूटभर मीठ टाकलं की पाणी लवकर सुटतं. सात-आठ मिनिटांनी कांदा मऊ पडून काचेसारखा दिसतो. पाच मिनिटंवाले इथंच कुठंतरी असतात, आणि त्यांना वाटतं झालं. मग गॅस मध्यम. पंधरा-वीस मिनिटांच्या सुमाराला सोनेरी रंग येतो. पनीर, बटाटा, कुर्मा असल्या गोडसर रश्शाला एवढा पुरे. मटणाला मात्र तो पुरत नाही. तिथून पुढं गॅस बारीक करायचा आणि हात थांबवायचा नाही. आणखी पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. रंग आधी तांबूस होतो, मग चिंचोक्यासारखा गडद. आणि चिंचोक्याच्या एक रंग अलीकडं असतानाच खाली उतरवायचा, कारण गरम तेलात तो उतरवल्यावरही रंगत राहतो. हे सगळं मिळून पाऊण तासाच्या घरात जातं. पाच मिनिटं म्हणे!

हे मी माझ्या सुनेला शिकवलं असं मला लिहायला आवडलं असतं. पण ती तेरखेड्याची, माहेराहूनच शिकून आलेली. लग्न होऊन आली तेव्हाच तिचा हात माझ्यापेक्षा शांत होता. मी कांदा परतताना चार वेळा वैतागते, मध्येच भाकरीचं पीठ मळायला जाते, परत येऊन कडेला चिकटलेलं खरवडते. ती एकदा उलथनं हातात घेतलं की जागची हलत नाही. माझ्या रश्शापेक्षा तिचा रस्सा सरस होतो, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

तिच्या डोक्यात खानावळ होती. धाराशिवला बसस्थानकापासून जवळ एक गाळा तिनंच शोधला. माझा मुलगा सोलापूरला नोकरीला, आठवड्याला येतो-जातो. त्याचा होकार होता. माझाही होता. पण आमच्या घरात अशा गोष्टी दोन होकारांवर चालत नाहीत. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाळा घेतला खरा, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, “आधी कंदुरीत बघू. भावकीला पसंत पडलं तर पुढचं.”

कंदुरी म्हणजे आमच्याकडचा नवस. गावाबाहेरच्या दर्ग्याला बोकडाचा नवस बोलायचा, तिथंच दगडांच्या चुली मांडून मटण शिजवायचं, नैवेद्य दाखवायचा आणि सगळ्यांना जेवू घालायचं. आमचं हिंदू घराणं पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलंय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुलाला नोकरी लागली तेव्हाचा नवस राहून गेला होता, तो फेडायचा होता. मुलाला मात्र नेमकी त्या दिवसाची रजा मिळाली नव्हती. भावकी झाडून येणार. एका बाईनं खानावळ काढायची की नाही, हे त्या सगळ्यांच्या जिभेवर ठरणार होतं. मी ह्यांना म्हटलं, “मुलाला नोकरी लागताना त्याला कुणी भावकीपुढं गणितं सोडवायला बसवलं नव्हतं.” ह्यांनी टोपी घातली आणि गोठ्याकडं गेले. उत्तर नसलं की हे गोठ्याकडं जातात.

आणि कंदुरीची आमच्या घराण्यातली रीत ऐका. कांदा सोलायचा बायकांनी, चिरायचा बायकांनी, खोबरं भाजायचं बायकांनी, वाटण वाटायचं बायकांनी, भाकरी थापायच्या बायकांनी. पण जाळ पुरुषांचा. चुलीत लाकूड सारायला आणि देगेत पळी फिरवायला पुरुष लागतो. आणि जेवणं झाल्यावर सगळे म्हणतात, पुरुषांच्या हातचं मटण, काय चव आहे! गेली कित्येक वर्षं हा मान माझ्या धाकट्या दिरांचा. गळ्यात उपरणं, हातात पळी, आणि मोबाइलवर बघितलेलं तोंडपाठ. त्या वर्षी ह्यांच्या शब्दाखातर दिरांनी कढई सुनेला दिली. “पण जाळ म्या बघनार,” असं बजावूनच दिली.

कांदा आमच्याच रानातला, नुकता काढलेला. लोक ताजा कांदा म्हटलं की खूश होतात. परतणारीला विचारा. महिना-दोन महिने वाळलेला कांदा असला तर पाणी कमी, काम लवकर होतं. ओल्या कांद्याचं पाणीच आटता आटत नाही, आणि इथं तर चार कांदे नव्हते, मोठी घमेल्याएवढी कढई काठोकाठ भरली होती. कढई मोठी झाली की वेळ नुसता थोडासा वाढत नाही, चांगला वाढतो. वरचा कांदा खालच्याला वाफेत शिजवत ठेवतो. सून सकाळीच म्हणाली होती, “आत्याबाई, ह्याला दीड-दोन तास तरी धरा.” मी ते दिरांना सांगितलं. ते हसले. “वैनी, दोन तासांत बोकड शिजतंय. कांद्याला कसलं दोन तास?”

तरी सुरुवात चांगली झाली. आधी मोठा जाळ हवाच होता आणि मोठा जाळ दिरांना मनापासून येतो. कांदा चरचरला, पाणी सुटलं, ढगासारखी वाफ उठली. सून उलथन्यानं तळापासून उचलून वर आणत होती, वरचं खाली घालत होती. बाजूच्या चुलीवर देगेत मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजत होतं. आमच्याकडं मटण आधी असंच शिजवून घेतात, त्याच्या बिनतिखटाच्या पाण्याला आळणी म्हणतात. रस्सा नंतर. म्हणजे मटणाची काळजी नव्हती. सगळी मदार कांद्यावर होती.

पाणी आटल्यावर कांदा बसला, कढई अर्ध्यावर आली, चरचर बदलली. पाण्याची चरचर वेगळी, तेलाची वेगळी. सुनेनं वर न बघताच सांगितलं, “काकाजी, दोन लाकडं मागं वढा.” दिरांनी एक ओढलं. ती थांबली. त्यांच्याकडं बघत राहिली. मग त्यांनी दुसरंही ओढलं, पण तोंड असं केलं, जणू कुणी त्यांचं रान मागितलंय.

मध्यम आचेवर कांदा हळूहळू सोनेरी झाला. एकसारखा. एकही कड काळी नाही, एकही पाकळी पांढरी नाही. मी इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या कढईत एवढा एकसारखा रंग बघितला नव्हता. भावकीत काही माळकरी होते, मटण न खाणारे. त्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बटाट्याचा रस्सा होता, आणि त्याला सोनेरीच कांदा लागतो. सुनेनं त्यांच्या वाट्याचा कांदा झाऱ्यानं निथळून एका परातीत काढला, पसरून ठेवला. “आता उरलेला मटणाचा,” ती म्हणाली. “हितनं पुढं निस्त्या निखाऱ्यावर.”

नेमकं तेव्हाच मुजावरांनी बोलावलं. दर्ग्याची सेवा करणारे ते म्हातारे गृहस्थ चुलीपाशी येऊन म्हणाले, “बाई, मलिदा घेऊन या. घरच्या सुनेच्या हातानं द्यायचा असतो.” मलिदा म्हणजे चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला नैवेद्य. ते काम टाळता येत नाही. सुनेनं स्वतःच्या हातानं जळती लाकडं बाहेर ओढली, पाणी मारून विझवली. चुलीत फक्त निखारे उरले. उलथनं तिनं दिरांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “काकाजी, लाकूड घालू नका. फकस्त तळापासनं हलवत ऱ्हावा. म्या आलेच.”

“जा गं पोरी,” दीर म्हणाले, “तू जन्मली न्हवतीस तवापासनं करायलाव.”

आम्ही दोघी गेलो. पायऱ्या चढलो, मलिदा दिला, ऊद घेतला, मुजावरांनी सुनेच्या डोक्यावर मोरपिसांचा कुंचा टेकवला. वेळ काही फार गेला नाही. पण खाली उतरताना पहिल्यांदा माझ्या नाकाला कळलं. ज्यानं कांदा करपवलाय त्याला तो वास कुणी सांगावा लागत नाही. सुनेनं पदर खोचला आणि पळत सुटली.

चुलीत बाभळीची दोन जाड नवी लाकडं होती. जाळ कढईच्या कडेवरून वर येत होता. दीर चुलीपासून हातभर लांब, भावकीतल्या दोघांशी उसाच्या तोडीबद्दल बोलत उभे होते. उलथनं कढईत नव्हतं. ते बाजूला टाकलेल्या खाटेवर होतं.

सुनेनं लाकडं ओढली. मी उलथनं उचलून दिलं. तिनं तळाला घातलं आणि वर काढलं, तर कोळसा. काळा, कडक, चिवट. कढईतून निळसर धूर निघाला.

माणसाची चूक होते. भाऊजी तेव्हा “चुकलं” म्हणाले असते तर मी कपाळावर हात मारून घेतला असता आणि गप्प बसले असते. पण त्यांनी आजूबाजूला बघितलं, भावकी जमा होतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते मोठ्यानं हसत म्हणाले, “तेरखेड्याची पोरगी बाबा! फटाक्याच्या गावची. जाळ लावनारच की!”

आणि लोक हसले. सगळे. तेरखेड्यात फटाके बनतात हे खरं, पण त्या हसण्यात दुसरंच होतं. ह्या बाईच्या हातून जळलं, हे त्या एका वाक्यात पक्कं होऊन गेलं. बायकासुद्धा पदराआड हसल्या, त्याचा मला जास्त राग आला. हे माझे यजमान लांब लिंबाखाली उभे होते. त्यांनी हात खिशात घातला, जिथं किल्ली होती, आणि मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला कळला. सुनेलाही कळला. तिचा चेहरा असा झाला की मला तो अजून विसरता येत नाही. ती रडली नाही. उलथनं घेऊन तशीच उभी राहिली.

“काकाजी, लाकडं कुणी घातली?” तिनं विचारलं.

“अगं, तू जातानाच करपल्याला हुता की,” दीर म्हणाले. “म्या उलट सांभाळला.”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी पंचवीस-तीस वर्षं त्या घरात भाऊजींना भाऊजी म्हणत आले, त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. चढला म्हणा, मी काही ठरवलं नव्हतं.

“भाऊजी, इकडं या. सगळेच या.”

मी सुनेच्या हातातलं उलथनं घेतलं आणि कढईतल्या कांद्याच्या वरचा थर अलगद उचलला. सोनेरी. मग परात ओढली, ज्यात माळकऱ्यांचा कांदा काढून ठेवला होता. तोही सोनेरी. दोन्ही शेजारी धरले. एकच रंग, काडीचा फरक नाही.

“हा वरचा, आणि हा आम्ही जाताना काढून ठेवलेला. दिसतोय का? आम्ही गेल्यापासून वरचा कांदा खाली गेलेला नाही आणि खालचा वर आलेला नाही. एकदा तरी हलवला असता तर वरचा रंग बदलला असता. आणि निखाऱ्यावर नुसता राहून गेला असता, तर तळ तांबूस झाला असता, फार तर लागला असता. एवढ्या वेळात कोळसा होत नाही. कोळसा मोठ्या जाळानंच होतो. मंद आच कांदा सगळीकडून रंगवते. मोठा जाळ खालचा जाळतो आणि वरचा तसाच ठेवतो.”

कुणी हसलं नाही. दीर म्हणाले, “वैनी, बायांचं काय तरीच असतंय. आधी करपल्याला असंल, तुमास्नी दिसला नसंल.”

“मग परातीतला खाऊन बघा. आधीच करपला असता तर ह्यालाही कडू वास लागला असता. एकाच तेलातला आहे.”

ते काही पुढं झाले नाहीत. पुढं झाले ते माझे चुलत सासरे, भावकीतले सगळ्यांत वयस्कर, माळकरी. त्यांच्याच वाट्याचा कांदा होता तो. त्यांनी परातीतली चिमूट तोंडात टाकली, चघळली. मग कढईतल्या वरच्या सोनेरी थरातली चिमूट घेतली आणि लगेच थुंकून टाकली.

“ह्यो ग्वाड हाय,” परातीकडं बोट करून ते म्हणाले, “आन् त्यो कडू. पोरीनं केल्याला कांदा ग्वाड हुता रं.”

एवढं झाल्यावर तरी माणसानं गप्प बसावं. पण नाही. भाऊजींना आता दुसरीच घाई झाली. मंडळी खोळंबली, उन्हं चढली, आता ह्याच कांद्यात गुळाचा खडा टाकून वाटण करा, तिखट वाढवा, कुणाला कळतंय. तसंही मटण काळंच असतंय. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. गडद तपकिरी आणि करपलेला काळा, ह्यांत ज्याला फरक दिसत नाही, तो माणूस इतकी वर्षं आमच्या कंदुरीची पळी फिरवत होता! गडद कांद्यात गोडवा मुरतो, त्यानंच रश्शाला अंग येतं. करपलेल्यात तो जळून गेलेला असतो. त्याच्यावर गूळ घाला, साखर घाला, कडवटपणा मागं राहतोच, उलट घशाशी जास्त कळतो.

“टाकून द्या,” सून म्हणाली. शांतपणे. “तेलासकट.”

“येवढं त्याल?” भावकीतून कुणीतरी कळवळलं. तेलासाठी जीव तुटला, पोरीच्या नावासाठी तुटला नव्हता.

“त्याल बी कडू झालंय,” ती म्हणाली. “त्यात नवा कांदा घातला तरी त्यो बी कडूच हुनार.”

कढई एकच होती. ती घासल्याशिवाय दुसरा कांदा टाकता येत नव्हता, तळाचा एक काळा ठिपका राहिला तरी सगळं पुन्हा बिघडलं असतं. भाऊजी तोवर कुठंतरी पाणी प्यायला गेले होते. मी आणि सूनच बसलो राख घेऊन. घासताना मी त्या माणसाला मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सून नखानं तळ खरवडून बघत होती, पुन्हा राख लावत होती. मी म्हटलं, “रडायचं असलं तर रड गं.” ती म्हणाली, “कढईत पानी नकु आता, आत्याबाई.” मला हसू आलं आणि हसता हसता माझेच डोळे भरले.

कांदा होता तो जेवणात तोंडी लावायला ठेवलेला. भाकरी-मटणाबरोबर आमच्या माणसांना बुक्कीनं फोडलेला कच्चा कांदा नसला तर जेवल्यासारखं वाटत नाही. मी सगळा चिरायला घेतला. कुणीतरी म्हणालं, “मग तोंडी लावाया?” मी म्हटलं, “भाऊजींनी केलेला कोळसा आहे की.” चिडले होते, निघालं तोंडातून. आजही मागं घेत नाही. मघाशी हसलेल्या बायकांतल्या दोघी-तिघी येऊन गपचूप चिरायला बसल्या. मी त्यांना जवळ सरकून जागा दिली, पण बोलले नाही.

ह्या खेपेला जाळाशी मी बसले. सून सांगेल तसं लाकूड आत, सांगेल तसं बाहेर. आधी मोठा जाळ, पाणी पळेपर्यंत. कांदा कमी होता, त्यामुळं जरा लवकर बसला. मग दोन लाकडं ओढली. सोनेरी रंग आला तेव्हा मंडळींच्या पोटात कावळे ओरडत होते आणि चुलीभोवती सल्ले सुरू झाले होते. झाला की, काढा आता. लाल तर झालाय. सून कुणाकडं बघत नव्हती. “निखारे बी थोडे वढा, आत्याबाई.” मी ओढले. आता चरचरसुद्धा बारीक झाली. इथून पुढचा वेळ सगळ्यांत लांब वाटतो, कारण बराच वेळ काही घडताना दिसत नाही. सोनेरीचा तांबूस होताना नजरेला पत्ता लागत नाही, आणि तांबूसचा गडद होताना मात्र क्षणभर नजर हलवायची सोय नाही. जिथं तळाला लागल्यासारखं वाटलं तिथं ती पाण्याचा हबका मारायची, लागलेलं सुटायचं, रंग सगळ्यात मिसळायचा. वास बदलला. आधीचा तिखट, डोळ्यांत जाणारा वास जाऊन गोडसर, जड वास सुटला. बोलणारे एकेक करून गप्प झाले. वासानंच गप्प केलं त्यांना.

चिंचोक्याच्या एक रंग अलीकडं तिनं कढई उतरवायला सांगितली. कांदा निथळून परातीत पसरला, आणि बघता बघता तो स्वतःहून आणखी एक छटा गडद झाला. मुजावरांच्या खोलीत विजेचं बटण होतं, तिथं मिक्सर लावून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याबरोबर वाटण केलं. कांद्याच्याच तेलात ते पुन्हा परतलं, तेल सुटल्यावर काळं तिखट घातलं, आळणी ओतली, मटण सोडलं. रश्शावर तर्री आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

पंगत बसली. वाढायला कोण उभं राहिलं असेल? भाऊजी. गळ्यात नवं उपरणं, हातात पळी. पाणी पिऊन केव्हा आले कोण जाणे. आणि लोक जेवू लागले, भुरकू लागले, घाम पुसू लागले, आणि पहिला जो आवाज आला तो असा, “काय मटण झालंय, अप्पा! तुमच्या हाताला चवच लई.” आणि भाऊजींनी मान तुकवली. खरंच तुकवली! “औंदा जरा निवांत केलं,” म्हणाले.

मी भाकऱ्यांची पाटी खाली ठेवली. त्यांच्यातल्या निम्म्यांनी दुपारी समोर उभं राहून सगळं बघितलं होतं. चुलत सासऱ्यांनी चव घेऊन निवाडा दिलेला ऐकला होता. तरी पळी ज्याच्या हातात, मटण त्याचं. मला वाटलं, आता देगच लाथाडावी. पण तिच्यातला रस्सा सुनेनं केलेला होता.

जेवणं उरकल्यावर हे हात धुऊन चुलीपाशी आले. सून उरलेला रस्सा डब्यात भरत होती. हे खूश होते, बोटं अजून चाटत होते. म्हणाले, “भावकीला पसंत हाय. गाळा सुरू करू. फकस्त अप्पा तिथं बसंल. चुलीवर, गल्ल्यावर कुनीतरी पुरुष मानूस पायजे. तू कांदा-बिंदा बघ.”

मी तोंड उघडणार होते. सुनेनं माझ्या हाताला हात लावला. ती उठली, पदरानं हात पुसले आणि सासऱ्यांपुढं उभी राहिली. मान खाली नव्हती.

“मामंजी,” ती म्हणाली, “आज म्या कांदा दोनदा परतला. एकदा तुमच्यासाठी, आन् एकदा काकाजींमुळं. दुकानात म्या एकदाच परतनार हाय. काकाजी येनार असतील तर किल्ली त्येंनाच द्या. म्या येत न्हाई.”

 आसपास गोठा नव्हता, त्यामुळं ह्यांना जायला जागा नव्हती. पलीकडं भाऊजी कुणालातरी आपण निखाऱ्यावर कांदा कसा धरला ते सांगत होते, अगदी सुनेच्या शब्दांत. ह्यांनी तेही ऐकलं. खिशात हात घातला, किल्ली काढली आणि तिच्या पुढं धरली. तिनं ती लगेच घेतली नाही.

“आन् काकाजी?” तिनं विचारलं.

“त्यो जेवाया येईल,” हे म्हणाले. “मानसावानी.”

तेव्हा तिनं घेतली. लोकांना वाटलं मी आनंदानं रडले. मी रागानं रडत होते. तिच्या हाताची चव ह्यांना तीन वर्षं रोज दोन्ही वेळा ताटात मिळत होती. तरी ती तिच्याच हाताची आहे हे मान्य करायला ह्यांना सगळ्या भावकीची जीभ लागली, आणि एक कढई जळावी लागली.